सोमवारी हीटर किती वाजता चालू करायचा? ढवळत्या टाकीच्या तापण्याचा हिशेब

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीतल्या एका शेडमध्ये पावडर कोटिंगच्या आधी लोखंडी भाग धुवायची टाकी आहे. पाण्यात थोडा अल्कली क्लीनर, आत बुडवलेला विजेचा हीटर, वरून ढवळणारा स्टरर. काम सकाळी आठला सुरू होतं आणि तोवर टाकी ७० अंशांवर हवी असते. पहाटे पाचला चौकीदार हीटर चालू करतो. मंगळवारी साडेसातच्या आधीच ७० दिसतात, सोमवारी मात्र आठ वाजले तरी काटा ६५ च्या आसपास. नवीन आलेल्या डिप्लोमावाल्या पोरांना मी पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न घालतो: हीटर तोच, टाकी तीच, चौकीदारही तोच, मग सोमवारचं काय बिनसतं?

उत्तर बहुतेकांना अंदाजाने येतं. रविवारी सुट्टी, पाणी थंड पडलं. बरोबर आहे, पण "थंड पडलं" म्हणजे किती अंश, आणि त्यामुळे किती मिनिटं जास्त लागतात, हे कागदावर काढता आलं पाहिजे. ते काढायला तीन आकडे पुरतात, आणि त्यातला सगळ्यात अवघड वाटणारा आकडा टाकी स्वतःच रात्री फुकटात सांगते.

आधी टाकी एकजीव आहे का ते बघा

आपण संपूर्ण टाकीला एकच तापमान धरणार आहोत. ही सूट फुकट मिळत नाही. स्टरर नीट फिरत असेल तरच वरचं, खालचं, कडेचं पाणी सारखं असतं. स्टरर बंद ठेवून हीटर चालवला तर गरम पाणी वर चढून बसतं आणि हीटरच्या पातळीखालचं पाणी तासन्‌तास गार राहतं. तेव्हा "टाकीचं तापमान" या शब्दालाच अर्थ उरत नाही, आणि सूत्रात कुठला आकडा घालायचा हेही कळत नाही.

तपासणी सोपी आहे. हीटर चालू असताना एक थर्मामीटर पृष्ठभागाखाली चार बोटं आणि एक तळाशी धरा. फरक एखाद-दोन अंशांचा असेल तर पुढे चला. पाच-सात अंश दिसले तर हिशेब बाजूला ठेवून स्टररचा पट्टा, पंख्याची खोली आणि फिरण्याची दिशा बघा. मोटरचे दोन फेज उलटे जोडले गेले की पंखा पाणी खाली ढकलण्याऐवजी वर ओढतो. आवाज तोच येतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

ढवळलेल्या पाण्याबाबत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. पाण्यातून पत्र्यापर्यंत उष्णता सहज पोचते, पत्र्यातून तर चुटकीसरशी जाते. अडथळा असतो तो पत्र्याबाहेरच्या हवेचा. त्यामुळे आत थोडं कमीजास्त ढवळलं तरी बाहेर जाणारी उष्णता फारशी बदलत नाही. बाहेर पंखा लावला किंवा शेडचं शटर उघडं राहिलं, तर मात्र नक्की बदलते.

जमाखर्च

आता वहीच्या पानावर जमाखर्च मांडू. जमा बाजूला हीटरची शक्ती P. खर्च बाजूला गळती, म्हणजे टाकीतून हवेत जाणारी उष्णता. ही गळती टाकी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. एका अंशाच्या फरकाला जेवढी गळती होते तिला UA म्हणतात. जमेतून खर्च वजा जाऊन जे शिल्लक राहतं त्याने टाकी तापते. एक अंश चढायला लागणाऱ्या उष्णतेला C म्हणू. मी पोरांना त्याला "टाकीचं पोट" म्हणायला सांगतो.

```
C * dT/dt = P - UA * (T - Ta)
```

T हे टाकीचं आणि Ta हे हवेचं तापमान. सुरुवातीला पाणी जवळजवळ हवेइतकंच असतं, गळती नगण्य असते, सगळी वीज तापवण्यात जाते. जसजसं पाणी चढतं तसतशी गळती वाढते आणि चढण्याचा वेग मंदावतो. सुरुवातीचा अर्धा तास बघून "अजून दीड तासात होईल" असं सांगणारा माणूस याच कारणाने दर वेळी थोडा खोटा ठरतो.

पहिला आकडा: टाकीचं पोट

आपली टाकी ८० सेंटीमीटर व्यासाची आणि पाणी १ मीटर उंचीपर्यंत. म्हणजे जवळपास ५०० लिटर. एक किलो पाणी एक अंश तापवायला ४.१८ किलोजूल लागतात, तेव्हा पाण्याचे २०९० किलोजूल प्रति अंश. क्लीनर चार-पाच टक्केच असतो, त्याने पडणारा फरक मी सोडून देतो. स्टीलची टाकी अंदाजे ६० किलोची. स्टीलला किलोमागे फक्त अर्धा किलोजूल लागतो, म्हणजे ३०. बेरीज २१२० किलोजूल प्रति अंश.

पत्र्याचे ते ३० सोडले तरी चालले असते, पण नेहमी नाही. जाड कास्ट आयर्नची छोटी टाकी असेल किंवा आत विटांचं अस्तर असेल, तर भांडंच पाण्याच्या बरोबरीने उष्णता खातं. आणि पातळी रोज बघा. टाकी दहा सेंटीमीटर जास्त भरली की पोट दहा टक्क्यांनी वाढतं आणि वेळही साधारण तेवढाच वाढतो.

दुसरा आकडा: हीटर खरंच किती देतो

पाटीवर लिहिलंय ९ किलोवॅट, २३० व्होल्टचे तीन एलिमेंट, प्रत्येकी ३ किलोवॅट, स्टारमध्ये जोडलेले. पाटीवरचा आकडा सरळ सूत्रात घालू नका. एलिमेंट म्हणजे शेवटी एक रेझिस्टन्स, आणि त्याची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. फेजला २३० ऐवजी २१० व्होल्ट आले तर व्होल्टेज नऊ टक्क्यांनी कमी झालं, पण शक्ती सुमारे सतरा टक्क्यांनी उतरून ७.५ किलोवॅटवर येते. लांब आणि बारीक केबलने हीटर जोडला असेल तर व्होल्टेज मेन पॅनेलवर नव्हे, हीटरच्या टर्मिनलवर मोजा. काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. ओल्या फरशीवर उघडं टर्मिनल बॉक्स हा शिकण्याचा प्रसंग नव्हे.

त्याच वेळी टाँग टेस्टरने तिन्ही फेजचा करंट बघावा. आपल्या हीटरला प्रत्येक फेजवर १३ अँपिअरच्या आसपास दिसले पाहिजेत. इथे एक खाच आहे, ती शेवटी येईल.

क्षाराबद्दल एक गैरसमज मात्र आत्ताच काढतो, कारण बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या प्रत्येक शेडमध्ये तो ऐकू येतो: "एलिमेंटवर क्षार बसलाय, म्हणून तापायला वेळ लागतोय." वाफेच्या कॉइलला हे खरं आहे. तिथे वाफेचं तापमान ठरलेलं असतं, म्हणून क्षाराचा थर उष्णता अडवतो आणि कमीच उष्णता पाण्यात उतरते. विजेच्या एलिमेंटचं तसं नाही. त्यात ३ किलोवॅट शिरले की ते ३ किलोवॅट कुठेतरी बाहेर पडणारच, आणि बाहेर पाणीच आहे. क्षार बसला की एलिमेंट स्वतः जास्त तापतो, तेवढ्या जादा तापमानाच्या जोरावर तीच उष्णता थरातून ढकलतो, आणि एक दिवस जळतो. वेळ वाढतो तो जळल्यानंतर. तेव्हा क्षार घासायचा तो एलिमेंट वाचवण्यासाठी. त्याने टाकी लवकर तापेल अशी आशा धरू नका.

तिसरा आकडा: गळती

पुस्तकातून गळती काढायची तर टाकीच्या प्रत्येक बाजूचं क्षेत्रफळ घेऊन त्याला हवेचा गुणक लावायचा. आमच्यासारख्या उघड्या पत्र्याला, बंद शेडमधल्या संथ हवेत, दर चौरस मीटरला दर अंशाला ८ ते १० वॅट हा आकडा बरा उतरतो. कडेचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर, तळ आणि झाकण अर्धा-अर्धा, मिळून साडेतीन. म्हणजे गळती २८ ते ३५ वॅट प्रति अंश. हा अंदाज झाला. झाकणाच्या फटी, तळाचे अँगल, हीटरचा फ्लँज, बाहेर आलेले पाइप यांची गळती कोण मोजणार?

टाकीच मोजते. संध्याकाळी सहाला हीटर बंद करा. झाकण लावा, स्टरर चालू ठेवा. त्या वेळचं तापमान लिहा, चार तासांनी पुन्हा लिहा, आणि शेडच्या हवेचं सरासरी तापमान टिपून ठेवा. थर्मामीटर टाकीपासून दोन हात लांब, सावलीत टांगा. टाकीलाच टेकवून ठेवला तर तो टाकीचंच तापमान सांगेल. त्या चार तासांत पाणी घालायचं नाही, भाग बुडवायचे नाहीत.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी आम्हाला मिळालं ते असं: सहाला ७०, दहाला ५८.१, हवा २०. म्हणजे हवेपेक्षा जास्तीचं तापमान ५० वरून ३८.१ वर आलं. न्यूटनचा थंड होण्याचा नियम कलाभवनात शिकताना परीक्षेपुरता पाठ केला होता. तो असा कामाला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

```
tau = 4 / ln(50 / 38.1) = 14.7 तास = 53000 सेकंद
UA  = C / tau = 2120 / 53000 = 0.040 kW प्रति अंश
```

४० वॅट प्रति अंश. अंदाजापेक्षा जास्त, आणि ते जास्तीचे वॅट झाकणाच्या फटीत आणि फ्लँजमध्ये आहेत असा माझा समज. हे जे `tau` आलं त्याला काळ-स्थिरांक म्हणतात: टाकी एवढा वेळ नुसती ठेवली तर हवेपेक्षा जास्तीचं तापमान साधारण ३७ टक्क्यांवर येतं.

कॅल्क्युलेटरवर `ln` चं बटण दाबा, `log` चं नाही. हा सल्ला बालिश वाटेल, पण दर वर्षी एक तरी मुलगा इथेच अडकतो. `log` दाबलं की आकडा `ln` पेक्षा सुमारे २.३ पट लहान येतो, आणि ती चूक ओळखायची कशी ते पुढे सांगतो.

स्टररची मोटरही थोडी उष्णता पाण्यात घालतेच. छोट्या मोटरची ती शंभर-दीडशे वॅटच्या घरात असते, आणि ७० अंशांवर आपली गळती ५० गुणिले ४० म्हणजे २००० वॅट आहे. तेव्हा चाचणीतून आलेली गळती खऱ्यापेक्षा पाचेक टक्के कमी दिसते. मी ते दुरुस्त करत बसत नाही, कारण तापवतानाही स्टरर चालूच असतो आणि चूक बरीचशी आपोआप फिटते.

आता सोमवार

शनिवारी संध्याकाळी सहाला हीटर बंद, सोमवारी पहाटे पाचला चालू. मध्ये ३५ तास जातात. ३५ भागिले १४.७ म्हणजे २.३८, जास्तीचे ५० अंश उतरून साडेचारवर येतात. सोमवारी टाकी साधारण २४ अंशांवर सापडते. इतर दिवशी मध्ये ११ तासच जातात, तेव्हा ५० चे साडेतेवीस उरतात आणि टाकी साधारण ४३ वर असते. सोमवार आणि मंगळवार यांच्यातला सगळा फरक या एकोणीस अंशांत आहे. (पहाटे शेड २० पेक्षा गार असते, म्हणून खरे आकडे एखाद-दोन अंश खाली येतात.)

तापायला लागणारा वेळ काढायचं सूत्र:

```
Tm = Ta + P/UA
t  = (C/UA) * ln( (Tm - T0) / (Tm - T1) )
```

T0 सुरुवातीचं तापमान, T1 हवं असलेलं. Tm म्हणजे हीटर कायम चालू ठेवला तर टाकी जिथे जाऊन थांबेल ते तापमान. आपल्याकडे २० अधिक ९ भागिले ०.०४०, म्हणजे २४५ अंश. हा आकडा बघून पोरं दचकतात: पाणी १०० लाच उकळतं, २४५ कुठून आलं? तिथपर्यंत टाकी जाणारच नाही, अर्थातच. Tm हा नुसता लक्ष्याचा खांब आहे. तो जितका लांब, तितका हीटर गळतीपेक्षा जोरकस. Tm जर ७० च्या जवळ आलं, तर मात्र काळजी करा, आणि ७० च्या खाली आलं तर टाकी कधीच ७० गाठणार नाही, कितीही थांबलात तरी.

सोमवार: (२४५ − २४) भागिले (२४५ − ७०) म्हणजे २२१ भागिले १७५. त्याचा `ln` ०.२३३. गुणिले ५३,००० सेकंद, म्हणजे सुमारे १२,३७० सेकंद, ३ तास २६ मिनिटं. मंगळवार: २०२ भागिले १७५, आणि वेळ २ तास ७ मिनिटं. पाचला चालू केलं तर मंगळवारी ७ वाजून ७ मिनिटांनी तयार, आणि सोमवारी साडेआठच्या सुमारास. चौकीदाराचा दोष नव्हता.

आता त्या `log` च्या चुकीकडे. गळती शून्य धरली तर सोमवारी २१२० गुणिले ४६ भागिले ९, म्हणजे ३ तास १ मिनिट लागले असते. गळती असताना यापेक्षा कमी वेळ लागणं शक्यच नाही. वेळेच्या सूत्रात `log` वापरणाऱ्याचं उत्तर दीड तास येतं. म्हणून आधी गळती नसतानाचा वेळ काढून वहीत लिहून ठेवायचा. खरं उत्तर त्याच्या वरच असलं पाहिजे. किलोवॅटच्या जागी वॅट किंवा सेकंदाच्या जागी तास घातले असतील, तर तेही इथेच उघडं पडतं.

`ln` नकोच असेल तर आणखी एक वाट आहे, आणि शेडमध्ये मी तीच वापरतो. सुरुवात २४, शेवट ७०, मधलं तापमान ४७. हवेपेक्षा २७ अंश जास्त, म्हणजे सरासरी गळती १.०८ किलोवॅट. नऊतून वजा केली, उरले ७.९२. २१२० गुणिले ४६ भागिले ७.९२, आले ३ तास २५ मिनिटं. एका मिनिटाचा फरक. हीटर गळतीपेक्षा बराच जोरकस असतो तोवर ही वाट अगदी पुरेशी आहे. दुबळा हीटर आणि उघडी टाकी असेल तर ती फसवते, कारण शेवटचे पाच अंश सरासरीपेक्षा फारच हळू चढतात.

हाच हिशेब उलटाही चालतो. सोमवारी दोनच तासांत टाकी हवी असेल तर ७२०० सेकंदांत ९७,५२० किलोजूल घालायला साडेतेरा किलोवॅट, वर सरासरी गळतीचा एक. म्हणजे १५ किलोवॅटचा हीटर मागवा. आणि मे महिन्यात, शेड ३८ अंशांवर असताना, सोमवारी टाकी ४०-४१ वरून निघते आणि आपलाच ९ किलोवॅटचा हीटर सव्वादोन तासांच्या आत काम उरकतो. जानेवारीची वेळ मे मध्ये चालू ठेवली तर टाकी तास-सव्वातास विनाकारण गरम उभी राहते. उत्तरायणाच्या दोन दिवसांच्या सुट्टीनंतर मात्र पूर्ण गार टाकी धरा आणि जास्तीची वीस मिनिटं ठेवा.

झाकण

आतापर्यंतचं सगळं झाकण लावलेल्या टाकीचं होतं. झाकण उघडलं की वाफ निघते, आणि वाफ आपल्या सरळ रेषेच्या नियमाला जुमानत नाही. पाण्याचा बाष्पदाब ४० अंशांवर सुमारे ७.४ किलोपास्कल असतो, ७० अंशांवर ३१. तापमान पावणेदोन पट झालं, पण वाफ ढकलणारा दाब चौपट. म्हणून उघड्या टाकीला एकच UA नसतो.

हे ओळखायचं कसं? थंड होण्याची चाचणी झाकण काढून करा आणि दर तासाला वाचन घ्या. आम्ही केली तेव्हा ७० पासून पहिल्या तासात ५.५ अंश उतरले, आणि रात्री उशिरा ४५ पासून तासात २.२. हिशेब केला तर पहिल्या तासाचा UA ६९ वॅट आला आणि दुसऱ्याचा ५४. झाकण असताना दोन्ही तासांत जवळपास एकच आकडा येतो. तासातासाला UA बदलत असेल तर समजा वाफ निघतेय. मग एकाच सूत्रात सगळं बसवायचा हट्ट सोडा. तापमानाचे दहा-दहा अंशांचे टप्पे पाडा, प्रत्येक टप्प्याला त्याची गळती लावून सरासरीच्या वाटेने वेळ काढा, आणि बेरीज करा.

गंमत अशी की तापवताना झाकणाचा फायदा फार थोडा आहे. सोमवारी झाकण उघडं ठेवलं तरी दहा-बारा मिनिटंच जास्त लागतात, कारण बहुतेक वेळ टाकी गारच असते. झाकण पैसे वाचवतं ते नंतर. दिवसभर ७० अंश टिकवताना उघडी टाकी सुमारे ३.४ किलोवॅट खाते, झाकलेली २. आठ तासांत ११ युनिटांचा फरक. शिवाय उडालेल्या पाण्याच्या जागी गार पाणी भरावं लागतं ते वेगळं. दुसरा फायदा रात्रीचा: झाकण विसरलं की मंगळवारची टाकीही सोमवारसारखी व्हायला लागते.

पाण्याची पातळी हा या वाफेचा स्वस्त मीटर आहे. आमच्या टाकीत पातळी १ सेंटीमीटर उतरली म्हणजे ५ लिटर पाणी उडालं, आणि त्याने जवळपास सव्वातीन युनिट वीज सोबत नेली. टाकीच्या आत स्टीलची पट्टी वेल्ड करून घ्या. आणि पातळी एलिमेंटच्या वर हाताच्या वीतभर तरी राहिली पाहिजे. एलिमेंट उघडा पडला की मिनिटांत जळतो. पहाटे माणूस नसताना टायमरने हीटर चालू करायचा असेल तर पातळी कमी झाल्यावर आणि स्टरर थांबल्यावर हीटर आपोआप बंद होईल अशी जोडणी आधी करून घ्या. तसं नसेल तर टायमर लावू नका.

पहिला अर्धा तास

हिशेब बरोबर असेल तर तो रोज सकाळी तपासता येतो, आणि तेही पाणी तापायची वाट न बघता. सोमवारी टाकी २४ वर, गळती ०.१६ किलोवॅट, शिल्लक ८.८४. अर्ध्या तासात किती चढली पाहिजे? ८.८४ गुणिले १८०० भागिले २१२०, म्हणजे साडेसात अंश. हीटर चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं सोडा, कारण एलिमेंट आणि थर्मामीटर दोघांनाही सावरायला वेळ लागतो. मग अर्ध्या तासाचं अंतर ठेवून दोन वाचनं घ्या.

चौकीदाराला मी हे दोन आकडे लिहून फोनवर पाठवायला शिकवलं. मागच्या हिवाळ्यात एका सोमवारी पहाटे मेसेज आला: अर्ध्या तासात ३.७ अंश. म्हणजे बरोबर अर्धा वेग. मी घरूनच गणित मांडलं. एक एलिमेंट गेला असता तर तीनातले दोन उरले, ६ किलोवॅट, आणि अर्ध्या तासात पाच अंश चढायला हवे होते. पण ३.७ म्हणजे ४.५ किलोवॅट. नक्की अर्धी शक्ती, दोन-तृतीयांश नव्हे.

हीच ती खाच. स्टारच्या मधल्या बिंदूला न्यूट्रल जोडलेला असेल, किंवा एलिमेंट डेल्टामध्ये असतील, तर एक गेल्यावर उरलेले दोन आपापलं पूर्ण व्होल्टेज खातात आणि ६ किलोवॅट देतात. न्यूट्रल नसलेल्या स्टारमध्ये एक गेला की उरलेले दोघं एकामागोमाग एक जोडले जातात, दोन फेजमधले ४०० व्होल्ट वाटून घेतात, प्रत्येकाला २३० ऐवजी २०० च मिळतात आणि दोघांची मिळून शक्ती बरोबर अर्ध्यावर येते. टाँग टेस्टरवर हे ११, ११ आणि शून्य असं दिसतं. ११ बघून माणूस म्हणतो "करंट तर आहे", आणि तिसरा फेज न बघताच निघून जातो.

साडेचार किलोवॅटवर Tm १३२ वर आलं होतं आणि ७० गाठायला आठ तासांहून थोडं जास्तच लागलं असतं. टाकी दुपारी एकनंतर तयार झाली असती. सहाच्या आतच इलेक्ट्रिशियनला फोन गेला. टर्मिनल बॉक्स उघडल्यावर एलिमेंट शाबूत निघाला. त्याच्या टोकाचं थिंबल ढिलं राहून काळं पडलं होतं. नवीन थिंबल, दुसरा स्क्रू, वीस मिनिटांचं काम. त्या दिवशी पहिला लॉट साडेनऊला बुडाला, आणि न्यूट्रलची वायर पुढच्या रविवारी ओढून घेतली.